अंगावर गांधी उठल्या, पण बाकीचं शरीर काय सांगतंय?

दाढदुखीसाठी डॉक्टरांनी एका बाईंना अमॉक्सिसिलिन आणि डायक्लोफेनॅक अशा दोन गोळ्या लिहून दिल्या आहेत, असं समजा. जेवणानंतर त्यांनी दोन्ही घेतल्या. वीसेक मिनिटांत तळहात खाजू लागले, मग पोटावर आणि मांड्यांवर लाल गांधी उठल्या. घरच्यांनी आमसुलाचं पाणी लावलं, सेट्रिझिनची गोळी दिली. थोड्या वेळाने त्यांना उलट्या सुरू झाल्या, आवाज घोगरा झाला, डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली. रिक्षा दारात आली, त्यांना हाताला धरून उभं केलं, आणि जिन्यातच त्या कोसळल्या.

नुसत्या गांधी होत्या, तोवर घरच्यांचं फारसं काही चुकलं नव्हतं. त्वचेतल्या काही पेशी हिस्टामिन नावाचं द्रव्य सोडतात. त्याने बारीक रक्तवाहिन्या पाझरतात, कातडी फुगते आणि खाज सुटते. हा प्रकार कातडीपुरताच राहिला, तर सेट्रिझिनसारख्या गोळीने तो बहुधा आवरतो. नवं औषध मात्र लगेच थांबवायचं आणि लिहून देणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचं. पुढचे काही तास माणसाला एकटं सोडायचं नाही.

उलटी झाली आणि आवाज बदलला, तिथे सगळं पालटलं. आता रक्तवाहिन्या अंगभर पाझरू लागल्या होत्या. याला अ‍ॅनाफिलॅक्सिस म्हणतात. इंजेक्शनने तो काही मिनिटांत येऊ शकतो. गोळी किंवा कोळंबी, शेंगदाण्यासारखं खाणं पोटात गेल्यावर बहुतेकदा दोन तासांच्या आत दिसतो. गांधी किती मोठ्या आहेत किंवा अंगभर आहेत का, यावरून धोका ठरत नाही. त्यांच्या जोडीला दुसरं काय होतंय, ते बघायचं: घशात आवळल्यासारखं वाटणं, जीभ सुजणं, आवाज बदलणं, दम लागणं किंवा छातीतून शिट्टीसारखा आवाज येणं, वारंवार उलट्या आणि पोटात कळा, चक्कर, भोवळ. लहान मूल एकाएकी मलूल आणि फिकट झालं, तर तेही त्यातच धरायचं. अशी एक खूण दिसली तरी थांबायचं नाही. काही जणांना तर एकही गांध न उठता अ‍ॅनाफिलॅक्सिस होतो. म्हणून वावडं असलेला पदार्थ खाल्ल्यावर दम लागला, तर अंगावर पुरळ शोधत बसू नये.

सेट्रिझिन इथे अपुरी पडते. ती खाज कमी करते, पण घशाची सूज उतरवत नाही आणि घसरलेला रक्तदाबही सावरत नाही. ती कामं अ‍ॅड्रेनलिन करतं. मोठ्या माणसाला साधारण अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रेनलिन मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत टोचतात. गरज पडली तर पाच मिनिटांनी पुन्हा. म्हणून 108 ला फोन करताना "औषधाची रिअ‍ॅक्शन आलीय, श्वासाला त्रास होतोय" असं स्पष्ट सांगा. जवळचा दवाखाना गाठणार असाल, तर तिथे डॉक्टर आहेत आणि अ‍ॅड्रेनलिन आहे, हे आधी फोनवर विचारा.

आणि त्या बाईंना उभं करायला नको होतं. रक्तदाब घसरलेला असताना माणूस उभा राहिला की रक्त पायांत साचतं, हृदयाकडे पुरेसं पोचत नाही, आणि तेवढ्यानेही जीव जाऊ शकतो. अशा वेळी आडवं निजवून पाय वर उचलावेत. उलटी होत असेल तर कुशीवर वळवावं. दम लागत असेल तर टेकून बसू द्यावं, पण चालवू नये. न्यायचंच तर उचलून न्यावं. इंजेक्शनने बरं वाटलं तरी काही तास रुग्णालयात थांबावं, कारण लक्षणं पुन्हा उलटू शकतात.

दुसऱ्या प्रकारचं पुरळ उशिरा येतं. औषध सुरू करून आठवडा-दोन आठवडे झाल्यावर छातीपाठीवर बारीक लाल ठिपके येतात आणि तिथेच राहतात. दोन्हींतला फरक घरी कळू शकतो: पुरळाच्या कडेभोवती बॉलपेनने रेघ ओढा. गांध साधारणपणे चोवीस तासांत त्या जागेवरून जाते आणि दुसरीकडे उठते. हे पुरळ हलत नाही. ते बहुतेक वेळा निरुपद्रवी असतं. पण सोबत ताप, तोंडात किंवा गुप्तांगावर फोड, लालभडक डोळे, चेहऱ्यावर सूज, किंवा खाजेऐवजी कातडीची आग होऊन ती सुटू लागणं, यातलं काहीही दिसलं, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायला हवं. फिट्सची कार्बामाझेपिन आणि फेनिटॉइन, युरिक अ‍ॅसिडची अ‍ॅलोप्युरिनॉल आणि सल्फाची औषधं यांच्या बाबतीत ही काळजी विशेष घ्यावी.

डॉक्टरांकडे जाताना गोळ्यांची पट्टी सोबत न्या. पुरळाचा फोटो काढून ठेवा, कारण पोचेपर्यंत गांधी बसलेल्या असू शकतात. त्या बाईंनी दोन औषधं एकदम घेतली होती, तेव्हा दोष कुणाचा हे अ‍ॅलर्जीतज्ज्ञच तपासून ठरवतील; घरी एक-एक गोळी घेऊन बघण्याचा प्रयोग कधीही करू नका. दोषी औषध ठरलं की कंपनीचं नाव नव्हे, तर पट्टीवर लिहिलेलं मूळ औषधाचं नाव कागदावर टिपून पाकिटात ठेवा, आणि प्रत्येक डॉक्टरला, दंतवैद्याला आणि औषधाच्या दुकानातही तो कागद दाखवा.