सरासरीत लपलेले 62 तास

एमआयडीसीतला एखादा छोटा कारखाना डोळ्यांसमोर आणा. पॅकिंगला 12 माणसं, देखभालीला 4, डिस्पॅचला 5. आठवड्याला 48 तास काम असं ठरलेलं आहे. भारतात हा आकडा 1948 च्या कारखाने अधिनियमात होता. त्यापुढच्या कामाला दुप्पट दराने ओव्हरटाइम, हेही त्याच अधिनियमातलं. दारावरच्या पंचिंग मशीनमधून कोण किती वाजता आला आणि गेला याची फाइल निघते. सोमवारी सकाळी मालक विचारतात, "गेल्या आठवड्यात कुठल्या विभागात जास्त काम झालं?"

फाइलमध्ये शंभराहून जास्त ओळी असतात, दर माणसाच्या दर दिवसाची एक. त्यांतून उत्तर काढायचं साधन म्हणजे एक्सेलमधलं पिव्होट टेबल. मूळ यादीला हात न लावता ते सारख्या ओळींचे ढीग करतं आणि प्रत्येक ढिगाची बेरीज मांडतं. गणित एवढंच. ढीग कशाचे करायचे, हे मात्र आपण सांगायचं असतं, आणि चुका तिथेच होतात.

आधी यादी नीट हवी. ‘तारीख’, ‘नाव’, ‘विभाग’, ‘आत’, ‘बाहेर’ असे पाच स्तंभ A ते E मध्ये आहेत असं धरू. एका नावाची दोन माणसं असतील तर नावाऐवजी हजेरी क्रमांक घ्यावा. शेजारी F मध्ये तास आणि G मध्ये आठवडा काढायचा:

```
F2: =ROUND(MOD(E2-D2,1)*24-0.5,2)
G2: =A2-WEEKDAY(A2,2)+1
```

पहिल्या सूत्रातलं 24 महत्त्वाचं आहे. एक्सेलच्या हिशेबात वेळ म्हणजे दिवसाचा अंश, म्हणून आठ तास तिथे 0.3333 असतात. 24 ने गुणलं नाही तर आठवड्याची बेरीज पार चुकते आणि 48 ची मर्यादा कोणीच ओलांडत नाही. `MOD` रात्रपाळीसाठी. रात्री दहाला आत आणि सकाळी साडेसहाला बाहेर, यांची साधी वजाबाकी उणे येते, `MOD` ती सावरतं. अर्धा तास जेवणाच्या सुट्टीचा वजा केला. `ROUND` कशाला, ते पुढे कळेल. दुसरं सूत्र कुठल्याही तारखेवरून त्या आठवड्याचा सोमवार काढून देतं.

आता `Insert` मधून `PivotTable` घ्यायचं. `Rows` मध्ये ‘विभाग’, `Columns` मध्ये ‘आठवडा’, `Values` मध्ये ‘तास’. तिथे `Sum` ऐवजी `Count` आलं, तर तासांच्या स्तंभात एखादा रिकामा खण किंवा आकड्यासारखा दिसणारा मजकूर घुसलेला असतो. तो शोधून दुरुस्त केल्याशिवाय पुढे जाऊ नये. पॅकिंगच्या दोन ओळी दिसल्या, तर कोणीतरी शब्दानंतर एक मोकळी जागा टाइप केलेली असते. आपल्या डोळ्यांना दोन्ही नावं सारखीच दिसतात, पण एक्सेलला ती वेगळी.

पहिलं उत्तर असं येतं: पॅकिंग 612 तास, देखभाल 186, डिस्पॅच 230. सर्वात मोठा आकडा पॅकिंगचा, पण त्यात माणसंही सर्वात जास्त. 48 ही एका माणसाची मर्यादा, विभागाची नाही. तिच्याशी तुलना केली तर तिन्ही विभाग लाल होतात आणि कोणालाच काही कळत नाही.

मग कोणीतरी सुचवतं, माणसांच्या संख्येने भागा. पॅकिंग 51, देखभाल 46.5, डिस्पॅच 46. पॅकिंग लाल, बाकी दोन ठीक. बहुतेक अहवाल इथेच थांबतात, आणि माझ्या मते सर्वात जास्त फसवणूक याच टप्प्यावर होते.

‘नाव’ हा स्तंभ ओढून `Rows` मध्ये ‘विभाग’च्या खाली टाका. आता प्रत्येक विभाग उलगडतो. पॅकिंगमध्ये 9 जणांचे 52 तास आहेत आणि 3 जणांचे बरोबर 48. म्हणजे नऊ जण एकेक दिवस चार तास जास्त थांबले. देखभालीत मात्र चार आकडे असे आहेत: 62, 48, 40, 36. दोघं रजेवर गेले आणि त्यांचा बराचसा भार एकाने उचलला. रजेवरच्यांच्या कमी तासांनी सरासरी खाली ओढली आणि त्याचे 62 तास झाकले गेले. ज्या विभागाला हिरवा शेरा मिळाला, तिथेच सर्वात थकलेला माणूस होता.

म्हणून खूण माणसाच्या ओळीवर करायची, विभागाच्या नाही. एका माणसाच्या आकड्यावर क्लिक करून `Conditional Formatting` मधून `New Rule` घ्या. वरच्या तीन पर्यायांपैकी तिसरा, `All cells showing "Sum of तास" values for "नाव" and "आठवडा"` असा, निवडला की रंग फक्त माणसांच्या आकड्यांना लागतो, विभागाच्या बेरजांना नाही. पुढच्या आठवड्यात नवी माणसं आली तरी नियम त्यांच्यापर्यंत पोचतो. अट ‘48 पेक्षा जास्त’ अशी द्यायची. ‘48 किंवा जास्त’ दिली तर पॅकिंगमधले ते तिघं उगाच लाल होतील. आणि `ROUND` नसेल तर ‘जास्त’ दिली तरी होऊ शकतील, कारण वेळेच्या अपूर्णांकांची बेरीज कधी कधी 48 च्या केसभर वर जाते. पडद्यावर 48 दिसतं आणि खण लाल!

जादा तास मोजायला `Calculated Field` वापरायचा मोह होतो. माणसाच्या ओळीवर तो बरोबर चालतो: 52 उणे 48, चार. पण पॅकिंगच्या ओळीवर तो आधी सगळ्यांची बेरीज घेतो आणि मग 48 वजा करतो, म्हणजे 564. खरे जादा तास 36. विभागाचा आकडा हवा असेल तर माणसांचे जादा तास बाजूला काढून त्यांची बेरीज करावी.

आणखी दोन गोष्टी. मूळ यादी बदलली म्हणून पिव्होट आपोआप बदलत नाही. `Refresh` करावं लागतं. आणि यादी आधी `Ctrl+T` ने टेबल केलेली नसेल, तर खाली जोडलेल्या नव्या ओळी त्याला दिसतच नाहीत. जुना आठवडा ताजा म्हणून वाचला जातो तो यामुळे.

आठवडा कुठून सुरू होतो, यानेही निकाल हलतो. देखभालीतल्या त्या माणसाने रविवारीही आठ तास भरले होते. रविवारपासून आठवडा धरला, तर ते आठ तास पुढच्या आठवड्यात जातात आणि आधीचा रविवार सुट्टीचा असेल तर 62 चे 54 होतात. म्हणून करारात आठवड्याचा पहिला दिवस लिहिलेला असेल, तोच सूत्रात हवा.

शेवटी 62 वर दोनदा क्लिक करा. नव्या पानावर त्या आकड्यामागच्या मूळ ओळी उघडतात. सात ओळी आहेत: 8, 8, 12, 8, 8, 10, 8. आठवड्याची सुट्टी त्याला मिळालेलीच नाही.