टाय, क्लिप आणि तार : बांधणीविषयी काही गैरसमज

विहिरीच्या काठावर बसविलेल्या पाच अश्वशक्तीच्या मोनोब्लॉक पंपाची जोडणी बारकाईने पाहिली, तर तीन निरनिराळे जिन्नस तेथे एकमेकांच्या शेजारी नांदताना आढळतात : केबल जागेवर धरून ठेवणारे नायलॉनचे टाय, सक्शनची रबरी नळी निपलावर आवळणारी पेचाची होज क्लिप, आणि हाताशी होती एवढ्याच कारणास्तव कोठेतरी गुंडाळलेली बाइंडिंग तार. या तिघांची कामे परस्परांहून सर्वथा भिन्न आहेत. टायचे काम धरण्याचे, क्लिपचे काम चहूबाजूंनी सारखा दाब देऊन जोड हवाबंद राखण्याचे, आणि तारेचे काम न दबणाऱ्या कठीण वस्तू एकमेकींस जखडण्याचे. हा भेद ध्यानात न घेतल्यामुळे जे समज रूढ झाले आहेत, त्यांचा येथे क्रमाने विचार करू.

गैरसमज : तार सर्वांत मजबूत, म्हणून ती कोठेही चालते.

वस्तुस्थिती : बाजारात सर्रास मिळणारी १८ गेजची बाइंडिंग तार सुमारे १.२ मिलिमीटर जाडीची असते, आणि ती मुद्दाम तापवून मऊ केलेली असते; कारण स्लॅबच्या सळ्या बांधताना तिला सुखाने पीळ बसावा, हाच तिच्या निर्मितीचा हेतू होय. सळईला तार कापू शकत नाही. रबराला मात्र कापते. जो ताण १२ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीवर पसरतो, तोच १.२ मिलिमीटरच्या तारेत एकवटला म्हणजे रबरावरील दाब दसपट होतो, आणि तरीही जेथे पीळ घातलेला असतो त्या गाठीखाली तार नळीपासून किंचित उचललेलीच राहते. म्हणजे एका जागी नळी चिरते आणि दुसऱ्या जागी ती सैल राहते, असा दुहेरी तोटा पदरी पडतो.

विजेच्या केबलवर हीच तार घालणे तर सरळसरळ धोक्याचे आहे. पंपाच्या कंपनाने तार आवरणावर अहोरात्र घासत राहते, उन्हाने मऊ झालेल्या प्लास्टिकमध्ये हळूहळू रुतते, आणि एके दिवशी तांब्यापर्यंत पोहोचली म्हणजे ज्या लोखंडी पाइपाला ती बांधलेली असते, त्या पाइपातच वीज उतरते. लोखंडी पाइप अँगलला जखडणे किंवा कुंपणाचे खांब बांधणे ही तारेची खरी कामे. तीही उघड्यावर असतील तर काळी तार न घेता जस्ताचा मुलामा दिलेली जी. आय. तार घ्यावी. गेजचा आकडा वाढतो तसतशी तार बारीक होत जाते, हेही खरेदीच्या वेळी स्मरणात असावे.

गैरसमज : जोडातून पाणी गळत नाही, म्हणजे जोड पक्का आहे.

वस्तुस्थिती : डिलिव्हरीच्या बाजूस हे बव्हंशी खरे आहे, सक्शनच्या बाजूस मात्र ते साफ खोटे ठरते. पंप चालू असताना सक्शनच्या नळीतील दाब बाहेरील हवेच्या दाबाहून कमी असतो. त्यामुळे तेथील सैल जोडातून पाणी बाहेर न येता हवा आत शिरते, आणि जोड वरून कोरडा ठणठणीत दिसत असतानाच पंपाची धार तुटक होते, पाण्यात बुडबुडे व फेस येतो, किंवा पंप पाणीच सोडतो. अशा वेळी दोष फूट व्हॉल्व्हच्या माथी मारून तो विहिरीतून वर काढण्याची यातायात करण्यापूर्वी एक साधी परीक्षा करावी. पंप चालू ठेवून, फिरत्या भागांपासून आणि विजेच्या जोडणीपासून हात दूर राखून, क्लिपच्या कडेने साबणाचा दाट फेस ब्रशाने लावावा. जेथे फेस आत ओढला जाऊन नाहीसा होतो, तेथेच हवेची वाट आहे अशी खातरजमा होते.

गैरसमज : नळी दोन इंची, तर क्लिपही दोन इंची.

वस्तुस्थिती : नळीचे माप तिच्या आतील पोकळीचे असते, क्लिप मात्र बाहेरून बसते. नळीची पोकळी ५० मिलिमीटर आणि भिंत ६ मिलिमीटर जाड असेल, तर निपलावर चढविल्यावर तिचा बाहेरील व्यास ६२ मिलिमीटर भरतो. या नळीस ४० ते ६० मापाची क्लिप पुरणारच नाही. ६० ते ८० मापाची बसेल. परंतु ती आपल्या किमान मर्यादेशी आल्यामुळे पट्टीचे वर्तुळ बिघडते, पेचाच्या घराखाली फट राहते आणि शेपूट लांब उरते. योग्य क्लिप ५० ते ७० मापाची. कारण आपले ६२ त्या मर्यादांच्या साधारण मध्यावर येतात.

क्लिप नळीच्या अगदी टोकावर न बसविता टोकापासून चार-पाच मिलिमीटर आत, आणि निपलाचा उंचवटा ओलांडून पलीकडे बसवावी. सक्शनला दोन क्लिपा घालून त्यांचे पेच परस्परविरुद्ध बाजूंस ठेवावेत, म्हणजे एकीच्या घराखालील उणीव दुसरी भरून काढते. पेच किती आवळावा, याचे उत्तर रबराकडे पाहून मिळते : पट्टी रबरात समान बसली की थांबावे, पट्टीच्या खाचांतून रबर वर फुगून येऊ लागले, तर मर्यादा ओलांडली गेली आणि नळीची चिरफाड व आटे खाणे हे दोन्ही जवळ आले, असे समजावे. नवे रबर दाबाखाली हळूहळू बसते. म्हणून आठवड्याभराने, पंप बंद व थंड असताना, पेच पुन्हा एकदा तपासणे अगत्याचे आहे.

स्टेनलेस म्हणून घेतलेल्या क्लिपेची पट्टी चकचकीत राहते आणि पेच मात्र गंजून जाम होतो, असे पुष्कळदा घडते. कारण स्वस्त क्लिपेत पट्टी तेवढी स्टेनलेस आणि पेच मुलामा दिलेल्या साध्या पोलादाचा असतो. दुकानातच पेचाला लहानसे चुंबक लावून पाहावे. ते घट्ट चिकटले, तर ओलाव्याच्या जागी ती क्लिप घेऊ नये.

गैरसमज : केबल टाय सगळे सारखेच, आणि जितके ओढावे तितके उत्तम.

वस्तुस्थिती : टायचे बळ त्याच्या रुंदीवर अवलंबून असते. २.५ मिलिमीटर रुंदीचा टाय सुमारे ८ किलोचा, तर ४.८ मिलिमीटरचा सुमारे २२ किलोचा ताण सोसतो. पंपाच्या केबलला हा दुसराच घ्यावा. पांढरा नायलॉन उन्हात ठिसूळ होऊन तुटतो. उघड्यावर काळाच टाय हवा, तोही वेष्टनावर उन्हास टिकणारा म्हणून नमूद केलेला, कारण केवळ काळ्या रंगावरून ती हमी मिळत नाही. नायलॉनची लवचीकता त्यातील किंचित ओलाव्यावर टिकते; म्हणून उरलेले टाय बंद पिशवीतच ठेवावेत.

मेन स्विच बंद करून केबल बांधावी, आणि टाय बसल्यावर केबल बोटाने किंचित सरकविता यावी इतपतच तो ओढावा. आवरणावर वळ उमटला, तर तो टाय कापून नवा घालावा. रबरी नळीवर टाय क्लिपेच्या जागी घालणे मात्र सर्वस्वी वर्ज्य मानावे : त्याच्या डोक्यापाशी दाब खंडित होतो, आणि नायलॉन सततच्या ताणाखाली स्वतःच सैलावत जातो.

तेव्हा पुढील हंगामापूर्वी पंपाच्या जोडणीवरून एकदा नजर फिरवावी, आणि केबलवरील किंवा रबरी नळीवरील प्रत्येक तार काढून तिच्या जागी अनुक्रमे काळा टाय आणि मापाची क्लिप घालावी.