रेषेबाहेरचे कोच

पायात बॉल आला की पोरगा आधी समोर नाही, बाहेर बघतो. अकोला-अमरावतीच्या मैदानांवर पोरांची फुटबॉल मॅच नीट पाहिली, तर ही गोष्ट लगेच ध्यानात येते. डावीकडे खेळणाऱ्या बारा वर्षांच्या पोराला सर ओरडून सांगतात, ‘थांब, पास दे.’ टचलाइनला खेटून उभा असलेला बाप म्हणतो, ‘मार ना बे!’ पोराचा क्षणभर गोंधळ होतो आणि तेवढ्यात समोरचा बॅक बॉल घेऊन जातो. मग शिव्या खातो तो रेफरी.

बापाच्या जिवाची घालमेल खोटी नसते. शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढत जाते. अमरावती विभागात अकोला, बुलढाणा, वाशीम, यवतमाळ धरून पाच जिल्हे. सामने बाद पद्धतीचे, एक हरलं की वर्ष संपलं. वर दहावी-बारावीचे क्रीडागुण आणि सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण डोक्यात असतंच. शिट्टी चुकली की बापाला पोराचं भविष्यच हुकल्यासारखं वाटतं.

पण रेफरी बापाला कार्ड दाखवू शकत नाही. 2019 पासून पिवळं-लाल कार्ड कोचला आणि बेंचवरच्या इतरांनाही दाखवता येतं. प्रेक्षक मात्र त्या कक्षेबाहेर. नियमांनुसार बाहेरून व्यत्यय आला तर रेफरी खेळ थांबवू शकतो, तहकूब करू शकतो किंवा सामनाच रद्द करू शकतो. म्हणजे एका काकांच्या तोंडासाठी सगळ्या पोरांना शिक्षा. आचारसंहिता लागते ती इथे: शिट्टी आणि सामना रद्द करणं, यांच्या मधल्या पायऱ्या तिच्यात लिहिलेल्या असतात.

इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने 2008 मध्ये ‘रिस्पेक्ट’ मोहीम देशभर सुरू केली. तिच्यातला सगळ्यात उपयोगी भाग उपदेशाचा नव्हता, दोरीचा होता: पालकांनी टचलाइनपासून साधारण दोन मीटर मागे उभं राहायचं. आपल्याकडे हे चुन्याच्या दुसऱ्या रेषेवर भागतं. पालक एका बाजूला, दोन्ही बेंच समोरच्या बाजूला. गोलमागे कुणीच नाही, कारण गोलकीपरच्या कानाशी सल्ले द्यायला तीच जागा सगळ्यांना आवडते.

बाकी संहिता अर्ध्या पानात बसते. टाळ्या वाजवा, नाव घेऊन शाबासकी द्या; ‘पास दे, मार, धर’ हे सरांवर सोडा; रेफरीशी बोलायचं ते कोचमार्फत. कुणी ऐकलं नाही तर रेफरी खेळ थांबवतो आणि कोचला सांगतो. कोच स्वतः जाऊन त्या पालकाला समजावतो. पुन्हा झालं तर पालक मैदानाबाहेर जाईपर्यंत खेळ सुरू होत नाही. यावर सही हंगामाआधीच, प्रवेशाच्या फॉर्मसोबत घ्यावी. भांडण पेटल्यावर कागद कोण वाचतो?

खरी पंचाईत सर स्वतःच रेफरीवर धावून जातात तेव्हा होते. मग मागच्या तीस पालकांना कोण आवरणार? म्हणून पहिली सही सरांची हवी.