आठ पॉइंट तेहतीस टक्के, पण कशाचे? : एजन्सीचा करार मॅनेजरला चार ओळींत कसा सांगायचा

आज विषय जरा ऑफिसचा आहे, पण ज्यांनी नुकतंच एचआरमध्ये काम सुरू केलंय त्यांच्या गळ्यात हे काम हमखास पडतं. भरतीच्या एजन्सीबरोबरचा बारा पानी करार तुमच्याकडे येतो आणि ज्याला माणूस हवाय तो मॅनेजर म्हणतो, "अरे, मला एवढं वाचायला वेळ नाही, थोडक्यात सांग."

माझ्या पहिल्या नोकरीत, पुण्यात, मी असं थोडक्यात सांगितलं होतं. मेसेज असा होता: "सर, फी ८.३३ टक्के, रिप्लेसमेंट ९० दिवस, एक्सक्लुझिव्ह नाही, पेमेंट ३० दिवसांत." चारही आकडे करारातलेच होते, एकही चुकीचा नव्हता. तरीही त्या मेसेजमुळे कंपनीचे लाखभर रुपये गेले. कसे, ते सांगतो.

आधी फी. ८.३३ हा आकडा विचित्र वाटतो, पण शंभराला बाराने भागा, तेवढाच येतो. म्हणजे वर्षाच्या पगारातला एक महिना. आता प्रश्न असा की वर्षाचा कुठला पगार? आमच्या उमेदवाराचा सीटीसी होता १२ लाख. त्यात १० लाख ठरलेला पगार आणि २ लाख कामगिरीवर मिळणारा बोनस, जो मिळेल किंवा नाहीही मिळणार. पूर्ण सीटीसीवर फी होते ९९,९६० रुपये. फक्त ठरलेल्या पगारावर धरली तर ८३,३००. फरक साडेसोळा हजारांच्या वर. वर १८ टक्के जीएसटी वेगळा. त्यामुळे "८.३३ टक्के" एवढं लिहून भागत नाही. "८.३३ टक्के, बोनस धरून पूर्ण सीटीसीवर, अधिक जीएसटी" असं लिहायचं. आणि शेजारी या उमेदवारासाठी किती रुपये होतात तेही लिहायचं, कारण मॅनेजरचं बजेट टक्क्यांत नसतं, रुपयांत असतं.

एक सवय लावून घ्या. फीचा आकडा बऱ्याचदा मुख्य करारात नसतोच, शेवटी जोडलेल्या परिशिष्टात असतो. मोठ्या पदांसाठी टक्का वेगळा असेल तर तोही तिथेच. शेवटचं पान आधी उघडा.

आता मुख्य गोष्ट, रिप्लेसमेंट. म्हणजे माणूस लवकर सोडून गेला तर एजन्सी दुसरा देते आणि त्याची फी घेत नाही. आमचा उमेदवार ३ जूनला जॉइन झाला. इनव्हॉइस त्याच दिवशी आलं, मुदत ३० दिवस, म्हणजे ३ जुलैपर्यंत. मॅनेजर साहेबांनी बिल दोन आठवडे मेलमध्येच ठेवलं, मग अकाउंट्सला पाठवलं, आणि पैसे गेले १४ जुलैला. अकरा दिवस उशीर. कोणाला काही वाटलं नाही, एजन्सीनेही आठवण केली नाही.

५ ऑगस्टला त्या मुलाने राजीनामा दिला. जॉइनिंगपासून त्रेसष्टावा दिवस. साहेब निवांत होते, ९० दिवसांची हमी आहे ना! मी एजन्सीला फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे कलम वाचून दाखवलं: इनव्हॉइसचे पैसे मुदतीत मिळाले असतील तरच रिप्लेसमेंट लागू राहील. विषय संपला. दुसऱ्या माणसासाठी पुन्हा पूर्ण फी.

ते वाक्य मी वाचलं नव्हतं असं नाही. वाचलं होतं. पण ते पेमेंटच्या कलमात होतं, रिप्लेसमेंटच्या नाही. मी चार खाने केले आणि प्रत्येक कलमातून एक आकडा उचलला. दोन खान्यांना जोडणारी अट मधल्या फटीत पडली. म्हणून आता मी "रिप्लेसमेंट" हा शब्द अख्ख्या करारात शोधतो. पीडीएफ फोनवर उघडली तरी शोधता येतं, दोन मिनिटांचं काम. तो जिथे जिथे येतो ते प्रत्येक वाक्य वाचायचं.

आणि शोधताना अजून काही सापडतं. आमच्याच प्रकरणात बघा: राजीनामा त्रेसष्टाव्या दिवशी, पण महिन्याचा नोटीस पिरियड धरून शेवटचा दिवस ४ सप्टेंबर, म्हणजे त्र्याण्णवावा. "९० दिवसांत सोडल्यास" यातलं सोडणं म्हणजे राजीनामा की शेवटचा दिवस? करारात काहीच म्हटलं नव्हतं. पैसे वेळेवर गेले असते तरी इथे वाद झालाच असता. अशा वेळी सारांशात स्वतःचा अंदाज घुसवू नका. सरळ लिहा, "कुठली तारीख धरायची हे करारात नाही, सही करण्याआधी विचारून घ्यावं." शिवाय हेही बघा की किती दिवसांत लेखी कळवायचं, बदली एकदाच मिळते का, आणि कंपनीनेच माणूस कमी केला किंवा त्याचं काम बदललं तर हमी राहते का. बहुतेक वेळा राहत नाही. पैसे परत मिळणार की फक्त दुसरा माणूस, यात तर मॅनेजर लोकांचा नेहमी गोंधळ होतो.

एक्सक्लुझिव्हचं थोडक्यात. आमचा करार एक्सक्लुझिव्ह नव्हता, म्हणजे दुसरी एजन्सीही चालली असती. पण असतो तेव्हा एक प्रश्न विचाराच: त्या काळात आपल्याच कर्मचाऱ्याने ओळखीचा माणूस आणला तर एजन्सीला फी द्यावी लागते का? काही करारांत लागते. आणि एक्सक्लुझिव्ह नसलं तरी एजन्सीने पाठवलेला सीव्ही ठरावीक महिने "तिचा" राहतो. मॅनेजरने त्या उमेदवाराला नंतर परस्पर घेतलं तरी बिल येतं. हे मॅनेजरला माहीत असायलाच हवं, कारण परस्पर फोन तोच करतो.

पेमेंटमध्ये दिवस कधीपासून मोजायचे ते लिहा: ऑफर स्वीकारल्यापासून, जॉइनिंगपासून की इनव्हॉइसपासून. आणि "आमच्या कंपनीत सगळ्यांना ६० दिवस" असं कोणी म्हणालं तर एजन्सीची उद्यम नोंदणी आहे का विचारा. सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे करार करूनही ४५ दिवसांच्या पुढे जाता येत नाही. पुढे गेलात तर चक्रवाढ व्याज, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने.

तर तोच मेसेज आज मी असा पाठवला असता:

"सर, फी: पूर्ण सीटीसीच्या ८.३३ टक्के. १२ लाखांवर ९९,९६० अधिक जीएसटी, एकूण साधारण १ लाख १८ हजार (परिशिष्ट).
पेमेंट: इनव्हॉइसपासून ३० दिवस. इनव्हॉइस ३ जूनचं, त्यामुळे ३ जुलैच्या आत पैसे गेले पाहिजेत, नाहीतर रिप्लेसमेंट रद्द.
रिप्लेसमेंट: जॉइनिंगपासून ९० दिवस, म्हणजे १ सप्टेंबरपर्यंत. राजीनाम्याची तारीख धरायची की शेवटच्या दिवसाची, हे लिहिलेलं नाही, मी विचारतोय.
एक्सक्लुझिव्ह: नाही. पण यांनी पाठवलेल्या उमेदवाराला कृपया परस्पर फोन करू नका."

प्रत्येक ओळीपुढे कलमाचा नंबरही टाकतो. साहेब कलम उघडून बघत नाहीत, पण अकाउंट्सवाले बघतात, आणि ३ जुलैची तारीख पाळायची त्यांनाच असते. म्हणून हा मेसेज हल्ली मी त्यांनाही पाठवतो.