‘आवाज गोड’ म्हणजे नेमका कसा?

‘जुनी हार्मोनियम विकणे आहे. उत्तम स्थितीत. आवाज गोड. किंमत वाजवी.’ आजोबा गेल्यावर त्यांची पेटी विकायला काढणाऱ्या घरातून अशीच जाहिरात निघते. घरात आता कुणाला वाजवता येत नाही, मग लिहिणार तरी काय? पण फोन सुरू होतात आणि तेच चार-पाच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. पहिल्या दिवशी घरच्यांना ती कटकट वाटते. खरे तर जाहिरातीत काय राहिले, ते फोन करणारेच सांगत असतात.

‘किती सप्तकांची आहे?’ हे बहुतेकांना हवे असते. याचे उत्तर मोजून मिळते. काळ्या-पांढऱ्या मिळून 42 पट्ट्या भरल्या, तर ती साडेतीन सप्तकांची. 39 भरल्या, तर सव्वातीन. गाण्याच्या साथीला दोन्ही चालतात, पण शिकणाऱ्याला गुरुजींनी साडेतीनची सांगितलेली असेल, तर तो सव्वातीनची बघायलाही येणार नाही.

दुसरा प्रश्न जाणकारांचा: ‘दोन सुरांची की तीन? खर्ज-नर का?’ इथे ‘आवाज गोड’चा फुगा फुटतो. पेटीत प्रत्येक पट्टीखाली पितळी सूर असतात. दोन सुरांच्या 42 पट्ट्यांच्या पेटीत 84. खर्ज-नर जोडीतला एक सूर दुसऱ्यापेक्षा एक सप्तक खाली बोलतो, त्यामुळे आवाज भरदार येतो. नर-नर जोडीत दोन्ही एकाच उंचीवर, म्हणून आवाज मोकळा आणि टोकदार. कुणाला हा गोड वाटतो, कुणाला तो. न वाजवणाऱ्यालाही फरक ओळखता येतो. एकच पट्टी दाबून धरायची, भाता चालू ठेवायचा आणि समोरच्या खुंट्या एकेक करून ओढायच्या. एका खुंटीला जाड, दुसरीला बारीक आवाज आला, तर खर्ज-नर. (यातली एखादी खुंटी नुसती शोभेची निघाली, तरी दचकू नये.)

‘हवा धरते का?’ हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आणि ‘उत्तम स्थितीत’ला सरळ आव्हान देणारा. सगळ्या खुंट्या बंद करून, एकही पट्टी न दाबता भाता मारायचा. दोन-तीन वेळा मारल्यावर तो कडक लागायला हवा. हात सहज आत जात राहिला, तर हवा कुठेतरी गळते आहे. मग खुंट्या उघडून पुन्हा भाता मारायचा. पट्टीला हात न लावता एखादा सूर रेंगाळत राहिला, तर ती पट्टी नीट बसत नाही. हे दोष दुरुस्त होतात, पण त्याचा खर्च घेणारा आधीच मनात धरतो.

चौथा प्रश्न सुरांचा: शेवटचे ट्यूनिंग कधी केले? सूर टोकाशी घासला की चढतो, मुळाशी घासला की उतरतो. म्हणजे प्रत्येक ट्यूनिंगला पितळ थोडे झिजते. पेटी उघडून सुरांचा जवळून फोटो घेतला, तर जाणकाराला घासल्याच्या खुणा दिसतात. मोबाइलवरच्या ट्यूनरने दोन-चार पट्ट्या तपासल्या, तर पेटी 440 ला आहे की नाही तेही कळते. घरी एकट्याने रियाज करणाऱ्याला थोडा फरक चालतो, पण बासरी किंवा कीबोर्डबरोबर वाजवणाऱ्याला मुळीच नाही.

स्केल चेंजर आहे का, हे काळी चार-पाचला गाणाऱ्या मुलीचे पालकही विचारतात आणि पुरुष गायकाचे साथीदारही. बोटे तीच ठेवून सूर बदलायची ही सोय, पण तिच्यामुळे पेटी जड होते. म्हणून लगेच ‘वजन किती?’

‘शेवटचे किती घ्याल?’ हा प्रश्नही रोज येतो. त्याचे उत्तर वर्णनात लिहायचे नसते. जाहिरात कितीही चांगली लिहिली, तरी तो थांबणार नाही.

आता नवी जाहिरात अशी होते: ‘साडेतीन सप्तके, 42 पट्ट्या. दोन सुरी, खर्ज-नर. स्केल चेंजर नाही. भाता हवा धरतो. मधल्या सप्तकातली एक पांढरी पट्टी दाबल्यावर अडकते. ट्यूनिंग पाच वर्षांत केलेले नाही, 440 पेक्षा थोडी उतरली आहे. सोबत लाकडी खोका. आतल्या सुरांचे फोटो पाठवू. संध्याकाळी 6 नंतर घरी येऊन वाजवून बघावी.’ अडकणारी पट्टी लिहायला घरच्यांचा हात जड होतो. पण ती लपवली, तर घेणारा प्रवास करून येणार, पहिल्या आरोहातच तिथे अडखळणार आणि मग बाकीच्या 41 पट्ट्यांवरही संशय घेणार.

या जाहिरातीवर फोन कमी येतात. स्केल चेंजर हवा असणारे परस्पर गळतात. जे येतात, त्यांचा प्रश्न एकच असतो: ‘आज संध्याकाळी आलो तर चालेल का?’ आवाज गोड आहे की नाही, ते त्यांचे त्यांनी ठरवायचे, म्हणून ते शब्द नव्या मजकुरात नाहीत.