महागाई वाढली की व्याज वाढवणारे बाँड: रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग रेट बाँडचं नेमकं गणित काय?

३१ मार्च २०२१ च्या संध्याकाळी केंद्र सरकारने अल्पबचत योजनांचे व्याजदर कमी केल्याचा आदेश काढला. पोस्टातल्या राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राचा, म्हणजे एनएससीचा दर ६.८ वरून थेट ५.९ टक्क्यांवर येणार होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी ट्वीट केलं की, आदेश नजरचुकीने निघाला होता आणि तो मागे घेण्यात येतोय. पश्चिम बंगाल आणि आसाममध्ये तेव्हा विधानसभेचं मतदान सुरू होतं, त्यामुळे एक एप्रिलच्या या 'नजरचुकी'वर भरपूर मीम्स झाले.

पोस्टात ज्यांचा एक रुपयाही नव्हता, अशा काही लोकांनीही त्या सकाळी सुटकेचा निःश्वास टाकला असणार. त्यांच्याकडे होते रिझर्व्ह बँकेचे फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँड. या बाँडचं व्याज एनएससीला बांधलेलं आहे. आदेश टिकला असता, तर जुलै २०२१ पासून त्यांचं व्याज ७.१५ वरून ६.२५ टक्क्यांवर घसरलं असतं.

'महागाई आणि व्याजदर वाढले तर तुमचंही व्याज वाढेल' असं सांगून हे बाँड सुचवले जातात. ते खरंही आहे. पण ते वाढतं कधी, किती आणि कुणाच्या निर्णयाने, हे पैसे टाकण्याआधी समजून घ्यायला हवं.

आधी, साध्या बाँडची अडचण काय?

बाँड म्हणजे तुम्ही सरकारला किंवा कंपनीला दिलेलं कर्ज. साध्या बाँडमध्ये व्याज पहिल्याच दिवशी ठरतं. तुम्ही सात वर्षांसाठी ६ टक्क्यांनी पैसे दिले आणि वर्षभरात बाजारात ८ टक्के मिळायला लागले, तरी तुम्ही ६ वरच अडकून. मध्येच विकायला गेलात तर घेणारा म्हणणार, 'नवा बाँड ८ टक्के देतोय, तुझा ६ चा मी पूर्ण किमतीला का घेऊ?' म्हणजे विकतानाही तोटा.

यावर दोन उपाय आहेत आणि लोक ते हमखास एकच समजतात. एक फ्लोटिंग रेट बाँड, ज्याचं व्याज ठरावीक काळाने एखाद्या दुसऱ्या व्याजदराप्रमाणे बदलतं. दुसरा महागाईशी जोडलेला बाँड, ज्यात परतावा थेट महागाई निर्देशांकावरून ठरतो. पहिला व्याजदर वाढण्यापासून वाचवतो, दुसरा भाव वाढण्यापासून. या दोन गोष्टी बऱ्याचदा बरोबर चालतात, पण नेहमीच नाही.

पाच लाखांचं काय झालं?

रिझर्व्ह बँकेचा फ्लोटिंग बाँड १ जुलै २०२० ला सुरू झाला. त्याच्या महिनाभर आधी सरकारने ७.७५ टक्के ठाम व्याज देणारा जुना बाँड बंद केला होता. नव्या बाँडचं सूत्र सोपं आहे: एनएससीचा त्या वेळचा दर अधिक ०.३५ टक्के. दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला व्याज खात्यात येतं आणि त्याच दिवशी पुढच्या सहा महिन्यांचा दर ठरतो. मुदत सात वर्षं. किमान हजार रुपये, कमाल मर्यादा नाही.

समजा, नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेने पहिल्याच दिवशी यात पाच लाख रुपये टाकले. पहिला दर होता ७.१५ टक्के, म्हणजे सहा महिन्यांचं व्याज १७,८७५ रुपये.

आता खरी परीक्षा. एप्रिल २०२२ मध्ये किरकोळ महागाई ७.७९ टक्क्यांवर गेली. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने रेपो रेट वाढवायला सुरुवात केली आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत तो ४ वरून ६.५ टक्क्यांवर नेला. गृहकर्जाचे हप्ते लगेच चढले. बाँडचं काय? १ जुलै २०२२ ला दर ठरवायची वेळ आली, तेव्हा एनएससी अजून ६.८ वरच होतं. त्यामुळे बाईंना जानेवारी २०२३ मध्येही १७,८७५ रुपयेच मिळाले, सलग पाचव्यांदा.

जानेवारी २०२३ पासून दर ७.३५ झाला आणि जुलैच्या हप्त्यात १८,३७५ रुपये आले. जुलै २०२३ पासून दर ८.०५ झाला, आणि जानेवारी २०२४ ला पहिल्यांदा २०,१२५ रुपये जमा झाले. महागाईने टोक गाठल्यानंतर वीसेक महिन्यांनी!

हा उशीर कुठून येतो? रेपो रेट वाढला की आधी सरकारी रोख्यांचा बाजारातला परतावा वाढतो. श्यामला गोपीनाथ समितीच्या २०११ च्या शिफारशींनुसार एनएससीचा दर या परताव्यापेक्षा पाव टक्का जास्त असावा. पण अंतिम आकडा दर तिमाहीला अर्थ मंत्रालय जाहीर करतं, आणि सूत्र काहीही म्हणो, दर 'जैसे थे' ठेवण्याची मुभा सरकारला असते. एप्रिल २०२० ते डिसेंबर २०२२ एनएससी ६.८ टक्क्यांवरून हललंच नाही. थोडक्यात, बाँड एनएससीला बांधलाय, एनएससी बाजाराला बांधलंय, पण मधली दोरी सरकारच्या हातात आहे.

ही दोरी तुमच्या बाजूनेही ओढली जाते, बरं का. २०२१ मध्ये सूत्राप्रमाणे दर कमी व्हायला हवे होते, तेव्हा झाले नाहीत. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी ते जून या काळात रेपो रेट ६.५ वरून ५.५ वर आणला, किरकोळ महागाई २ टक्क्यांच्या आसपास आली, तरी जुलै २०२५ ला बाँडचा दर ८.०५ च राहिला. महागाई कमी असताना या बाँडने खरा नफा जास्त दिला आणि महागाई कडाडली तेव्हा कमी. महागाईपासूनचं संरक्षण म्हणून विकल्या जाणाऱ्या गोष्टीकडून ही जरा उलटीच चाल म्हणायची.

मुद्दल तेवढंच राहतं, ही खरी मेख

बाईंचे पाच लाख २०२७ मध्ये पाच लाखच परत मिळणार. त्या पाच लाखांत तेव्हा किती येईल, याची बाँडला फिकीर नाही. म्हणजे दर सहा महिन्यांनी येणाऱ्या व्याजाचा एक भाग ही कमाई नसून झिजलेल्या मुद्दलाची भरपाई असते. ती खर्च केली की मुद्दल हळूहळू आटतं.

८.०५ टक्क्यांनी वर्षाचं व्याज होतं ४०,२५० रुपये. महागाई ५ टक्के धरली, तर मुद्दलाची ताकद टिकवायला त्यातले २५,००० बाजूला टाकायला हवेत. उरले १५,२५०. व्याजावर पूर्ण कर लागतो. २० टक्क्यांच्या टप्प्यात सेससह ८,३७२ रुपये गेले, की हातात राहतात ६,८७८ रुपये. कर लागत नसेल तर गणित खूपच बरं दिसतं, म्हणून हा बाँड कमी उत्पन्नाच्या ज्येष्ठांना जास्त शोभतो.

मग थेट महागाईशी जोडलेला बाँड का नाही?

होता की! २०१३ मध्ये महागाईला कंटाळलेले लोक सोन्याकडे पळत होते आणि सोन्याच्या आयातीने सरकार हैराण झालं होतं. त्या वर्षीच्या बजेटमध्ये पी. चिदंबरम यांनी महागाईशी जोडलेल्या रोख्यांची घोषणा केली. जूनमध्ये पहिला रोखा आला. त्यात महागाईप्रमाणे मुद्दलच वाढायचं आणि वाढलेल्या मुद्दलावर १.४४ टक्के व्याज मिळायचं.

गडबड एवढीच होती की तो घाऊक महागाईला जोडला होता. २०१५ मध्ये कच्चं तेल स्वस्त झालं आणि वर्षभर घाऊक महागाई शून्याखाली राहिली, त्यामुळे या रोख्याचं वाढलेलं मुद्दल पुन्हा घटू लागलं. त्याच वर्षी किरकोळ महागाई मात्र ५ टक्क्यांच्या आसपास होती. डाळ महाग आणि तुमचा महागाई-बाँड म्हणतोय की स्वस्ताई आहे!

ही चूक डिसेंबर २०१३ च्या दुसऱ्या योजनेत सुधारली होती. ती किरकोळ महागाईला जोडलेली, फक्त सामान्य गुंतवणूकदारांसाठी आणि दहा वर्षांची होती. व्याज होतं वर्षाला १.५ टक्के अधिक महागाई. समजा, सहा महिन्यांत निर्देशांक ३ टक्के वाढला, तर त्यात ०.७५ मिळवून ३.७५ टक्के मुद्दलात जमा, म्हणजे लाखाचे १,०३,७५०. पुढचं व्याज या रकमेवर. भाव घटले तरी १.५ टक्के नक्की. कागदावर ही फ्लोटिंग बाँडपेक्षा सरस वस्तू होती. पण तेव्हा बँकांच्या एफडी ९ टक्क्यांच्या आसपास होत्या आणि दहा वर्षांची ही किचकट योजना फारशी कुणी घेतली नाही. ३१ मार्च २०१४ ला ती बंद झाली आणि सामान्यांसाठी तशी नवी योजना आली नाही.

आणि हे बाँड बाजारात विकता येणारे असतील, तर आणखी एक खाच असते. अमेरिकेत असे रोखे भरपूर आहेत, त्यांना 'टिप्स' म्हणतात. जून २०२२ मध्ये तिथली महागाई ९.१ टक्के होती. तरीही त्या वर्षी टिप्सचा निर्देशांक सुमारे १२ टक्के पडला. कारण मुद्दल महागाईप्रमाणे वाढत असलं, तरी महागाईवरचं जादा व्याज ठाम असतं. बाजारात नव्या रोख्यांवर ते जादा व्याज वाढलं की जुन्यांची किंमत पडते, अगदी साध्या बाँडसारखी. मुदत संपेपर्यंत धरून ठेवणाऱ्याला महागाईची भरपाई मिळते, मधेच विकणाऱ्याला मिळेलच असं नाही.

रिझर्व्ह बँकेच्या फ्लोटिंग बाँडला हा धोका नाही, कारण तो विकताच येत नाही. तारण ठेवून कर्जही मिळत नाही. सात वर्षांच्या आत पैसे फक्त ज्येष्ठांना काढता येतात: साठ ते सत्तर वयाच्यांना सहा वर्षांनी, सत्तर ते ऐंशीच्यांना पाच वर्षांनी आणि त्यापुढच्यांना चार वर्षांनी. तेव्हाही शेवटच्या सहा महिन्यांचं अर्धं व्याज कापलं जातं. एनआरआयना हा बाँड घेता येत नाही. बाकीच्यांना बँकेतून किंवा रिझर्व्ह बँकेच्या रिटेल डायरेक्ट पोर्टलवरून मिळतो. नव्या सहामाहीचा दर नव्या-जुन्या सगळ्या बाँडधारकांना सारखाच लागू होतो. तो काय असेल, हे पाहायला रेपो रेटच्या बातम्यांपेक्षा जून आणि डिसेंबरच्या शेवटी निघणारा अल्पबचतीचा आदेश वाचावा, आणि त्यातल्या एनएससीच्या आकड्यात ०.३५ मिळवावेत.