इन्व्हर्टर वातानुकूलक: बचत नेमकी कोठे होते?

दुकानात विक्रेता सांगतो की इन्व्हर्टर एसी निम्मे बिल वाचवतो. हे विधान काही घरांत बऱ्याच अंशी खरे ठरते, तर काही घरांत मुळीच ठरत नाही.

साध्या एसीचा कॉम्प्रेसर एकाच वेगाने फिरतो. खोली थंड झाली की थांबतो, तापली की पुन्हा पूर्ण शक्तीने सुरू होतो. इन्व्हर्टर एसी विजेची वारंवारिता बदलून कॉम्प्रेसरचा वेग कमी-अधिक करतो आणि शक्यतो त्याला थांबूच देत नाही.

सुरू होताना लागणारा विजेचा झटका टळतो म्हणून बचत होते, असा सार्वत्रिक समज आहे. परंतु तो झटका क्षणभराचा असल्याने बिलात त्याचा वाटा नगण्य असतो. खरे कारण निराळे आहे. कॉम्प्रेसर मंद फिरला की वायूचा प्रवाह घटतो, मात्र आतील व बाहेरील जाळ्यांचा आकार तोच राहतो. परिणामी थोड्या उष्णतेला मोठी जाळी मिळते, दोन्हींकडील दाबांतील अंतर कमी होते आणि तेवढ्याच गारव्यासाठी कॉम्प्रेसरला कमी श्रम पडतात.

दीड टनाचा एसी रात्री आठ तास चालतो असे समजू. साधा यंत्रसंच चालू असताना सुमारे १६०० वॅट घेतो. पहिला तास अखंड आणि पुढील सात तास निम्मा वेळ चालला, तर ७.२ युनिटे होतात. इन्व्हर्टर पहिल्या तासात जवळपास तितकीच वीज घेतो. पुढे निम्म्या भारावर ५५० वॅटच्या आसपास स्थिरावतो. एकूण साडेपाच युनिटे धरावीत. फरक १.७ युनिटांचा, म्हणजे शंभर रात्रींत १७० युनिटे. दहा रुपये दराने १७०० रुपये झाले. किमतीतील फरक सहा हजार असेल, तर तो भरून निघण्यास साडेतीन वर्षे लागतील. वर्षाकाठी वीसच रात्री एसी लावणाऱ्यास हा हिशेब परवडत नाही.

थेट गच्चीखालची खोली, त्यात एसी लहान, अशी स्थिती असेल तर इन्व्हर्टरही रात्रभर पूर्ण वेगानेच धावतो आणि बचत फारशी उरत नाही. याची परीक्षा घरीच घेता येते. एसी सुरू करून तासाभराने घरातील इतर उपकरणे बंद करावीत व मीटरवरील लाल दिव्याची उघडझाप मोजावी. मीटरवर ३२०० इम्पल्स लिहिले असल्यास मिनिटाला पंचाऐंशी लुकलुक म्हणजे १६०० वॅट. तीसच्या आसपास असेल तर यंत्र मंदावले आहे. आकडा तासन्‌तास ऐंशीवरच राहिला, तर दोष बहुधा खोलीच्या उष्णतेत, यंत्राच्या क्षमतेत किंवा धुळीने भरलेल्या जाळीत असतो.

दमट मुंबईत आणखी एक फरक जाणवतो. साध्या एसीचा कॉम्प्रेसर थांबला आणि आतील पंखा फिरत राहिला, की जाळीवरील पाणी पुन्हा हवेत मिसळते. इन्व्हर्टरमध्ये हे टळते; तथापि अगदी मंद वेगात त्याचीही जाळी कमी थंड राहते व ओलावा नीट खेचत नाही. अशा वेळी तापमान आणखी उतरवण्याऐवजी ‘ड्राय’ कळ वापरून पाहावी.